अधीक्षकांना आईचं पत्र

"मुलगा कच्चा कैदी आहे. मधुमेह असून इन्सुलिन वेळेवर मिळत नाही. अधीक्षकांना काय लिहू?"

ताई, पत्रात आधी त्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक आणि कोर्टाचा केस नंबर लिहा. मग इन्सुलिनचं नाव, युनिट, वेळा आणि कोणत्या तारखांना डोस चुकला ते लिहा. 'तब्येत बरी नाही' एवढ्यावर भागत नाही. जुनं प्रिस्क्रिप्शन जोडा. तुरुंगाच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि गरजेनुसार सरकारी रुग्णालयात पाठवणी, असं स्पष्ट मागा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्याच. पोलीस गार्ड न मिळाल्याने रुग्णालयाची फेरी अनेकदा रखडते. तसं झालं तर हीच प्रत जोडून वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा. कोर्ट वैद्यकीय अहवाल मागवू शकतं. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो.