‘पाठांतर’ म्हणजे घोकणे की पाठभेद?

बोरू: धर्मग्रंथ कसे घडले यावर चर्चासत्रासाठी निबंध लिहितोय. आराखडा असा: आधी मौखिक परंपरा, मग लेखन, शेवटी रिडॅक्शन. या शेवटच्याला मराठीत काय म्हणावं? ‘संपादन’ फारच वर्तमानपत्री वाटतं. दुसरी शंका एकनाथांच्या ओवीची. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिथे ते म्हणतात, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. पाठ म्हणणाऱ्यांच्या तोंडी ग्रंथ बिघडला असा अर्थ लावून ही ओवी मी मौखिक विभागात घेतली आहे. बरोबर ना?

काजवा: रिडॅक्शन म्हणजे कागदपत्रांतल्या नावांवर काळी पट्टी मारणे. पोथीत कोण कुणाचं नाव झाकणार?

बोरू: तो अर्थ वेगळा. विखुरलेलं साहित्य जुळवून त्याला ठरावीक रूप देणं, असं मला म्हणायचंय.

शाईदौत: ‘संस्करण’ म्हणा. आणि ओवीचा अर्थ तुम्ही लावलात तोच. पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणे, शाळेपासून हेच ऐकत आलोय.

जुनी पोथी: आज तोच अर्थ चालतो, पण देशांतर म्हणजे दुसरा देश तसं पाठांतर म्हणजे दुसरा पाठ. ओवीत पुढे ‘तो शोधूनियां’ आहे. शोधायचं ते प्रतींमधून, म्हणून पाठभेद हाच अर्थ मला पटतो. तोंडी बिघाड एकनाथांच्या मनातच नव्हता, असं मात्र छातीठोक सांगणार नाही. ओवी तिसऱ्या विभागात न्या, दुसरा अर्थ तळटीपेत द्या.

माझी खरी हरकत आराखड्याच्या क्रमावर आहे. लीळाचरित्र घ्या. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसं गाठून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि लिहिल्या. पुढे ती पोथी धाडीत गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यातला हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे. म्हणजे तोंडी, लेखी, पुन्हा तोंडी, पुन्हा लेखी. तुमच्या तीन खणांपैकी हा ग्रंथ कुठे बसवाल?

आणि शब्दच हवा असेल तर त्यांच्याकडे आहे. एकाच लीळेची दुसरी आठवण पुढे आली की ते ‘वासना’ म्हणून ती नोंदवतात, पहिली खोडत नाहीत. ज्याच्या मनात जे उरलं ते तसंच ठेवायचं. ‘पाठभेद’ या शब्दाला पोथीचा वास येतो, ‘वासना’ला माणसाचा.

काजवा: हा अर्थ आजच्या वाचकाला सांगताना तुमची दमछाक होईल!

शाईदौत: पण शेवटी तोंडी परंपरेत चुका जास्त आणि लेखी परंपरेत कमी, हे तरी खरं ना?

घनपाठाचा कंटाळा: मी लहानपणी थोडं वेदपठण शिकलो, तेवढ्यावर सांगतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १८व्या सूक्ताच्या सातव्या ऋचेत ‘आ रोहन्तु जनयो योनिमग्रे’ आहे. काही नंतरच्या धर्मग्रंथांत ती सतीच्या समर्थनासाठी उद्धृत करताना ‘अग्रे’चं ‘अग्नेः’ झालं. आता क्रमपाठ बघा, त्यात शब्द दोन-दोनच्या जोडीने म्हणतात: आ रोहन्तु। रोहन्तु जनयः। जनयो योनिम्। योनिमग्रे। अग्र इत्यग्रे। शेवटचा शब्द ‘इति’ घालून पुन्हा म्हणावा लागतो. ‘अग्नेः’ असता तर ‘अग्नेरित्यग्नेः’ म्हणावं लागलं असतं आणि शेजारच्याने लगेच थांबवलं असतं. आमचे गुरुजी एवढ्यावर पट्टी उगारत. शब्द बदलला तो लिहिलेल्या उद्धरणात, पठणात नाही.

जुनी पोथी: चोख उदाहरण, पण वेदपठणासारखा पहारा सगळीकडे नसतो. लीळा कुणी क्रमाने म्हणत नव्हतं. चूक कुठली हे ओळखायला एक ढोबळ खूण सांगते. पाठभेदात समानार्थी शब्द आला, छंद जुळला, अर्थही टिकला, तर संशय तोंडावर घ्या. ‘ख’च्या जागी ‘रव’ किंवा ‘घ’च्या जागी ‘ध’ आला, किंवा दोन ओळींत तोच शब्द असल्याने मधली ओळ गळली, तर संशय लेखनिकाच्या डोळ्यावर. ढोबळच म्हणते, कारण श्रुतलेखन करणाऱ्याला दोन्ही चुका जमतात.

शाईदौत: मग ‘अग्नेः’ कशात बसतं? ग्रे आणि ग्ने शेजारी लिहून बघितले, गल्लत सहज होईल. पण विसर्ग कुठून आला? तो डोळ्याने आणला नाही.

जुनी पोथी: तिथेच वाद आहे. नकलेतली चूक पुढच्याने व्याकरणात बसवली, की कुणी जाणूनबुजून बदल केला?

बोरू: विभाग मोडतोय. ‘रिडॅक्शन’साठी सध्या ‘पाठनिश्चिती’ ठेवतो, पण लीळाचरित्रात निश्चिती कुठे झाली, असं कुणी विचारलं तर काय सांगू?

घनपाठाचा कंटाळा: ‘पाठसिद्धी’ चालेल? एकनाथांच्या त्याच ओवीत ‘सिद्ध’ आहेच.