ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला! तुमचेही अनुभव सांगा

सांजवेळ
मे महिन्यात आई आणि मी रात्रीच्या गाडीने नागपूरला निघालो होतो. आईचं वय ६४, गुडघे दुखरे. एक नंबरवर एस-४च्या पाटीखाली बसलो होतो. गाडीला दहा मिनिटं असताना समोरचे दोन हमाल मुकाट्याने पुलाकडे निघाले आणि पाठोपाठ घोषणा झाली, गाडी चारवर येणार. "ऊठ गं!" म्हणत आईच आधी उठली.

पुलाच्या मधल्या टप्प्यावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला डब्याच्या पिशवीत कोंबल्या आणि अनवाणी चालू लागली. मी म्हटलं, "खाली उतरून रूळ ओलांडूया का?" तिने माझा दंड घट्ट धरला. "गाडी गेली तर जाऊ दे."

खाली आलो तर गाडी लागलेली आणि समोर जनरलचा डबा. चढणार इतक्यात चहावाला ओरडला, "ताई, त्यातून आत वाट नाही!" तसंच पुढे पळालो, एस-१मध्ये चढलो आणि आतून एस-४ गाठला. बसल्यावर मी ओल्या रुमालाने आईचे काळे तळवे पुसले. दशम्यांचा चुरा झाला होता, तोच खाल्ला.

रूळसोबती
३४ वर्षं स्टेशनवर नोकरी केली. गाडी उशिरा आली की तिच्या फलाटावर कधी कधी दुसरी गाडी उभी असते. मग जो रिकामा, तिथे घ्यावी लागते. हमाल उठले की आपणही कान टवकारावेत. आणि दिसेल तो पूल चढू नये. आपला डबा कुठे लागेल ते विचारून त्याच्या जवळचा पूल धरावा. काकूंनी रूळ टाळले, फार बरं केलं.

कोयनाकाठ
एवढं धावायचं कशाला? पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत आपली सीट कुणाला देत नाहीत.

रूळसोबती
त्यावर विसंबू नका. टीसीच्या हातातल्या मशीनवर गैरहजर लागलं की जागा आरएसीवाल्याकडे जाऊ शकते. शिवाय पुढचं स्टेशन गाठणार कसं?

कोयनाकाठ
माझ्या मेव्हण्याला मिळाली होती परत. तपासून सांगतो.

पश्चिमवारा
दादरचे नंबर ९ डिसेंबर २०२३ला बदलले, तेव्हा माझंही असंच झालं. मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झालेला आणि आम्ही मायलेकरं सवयीने पश्चिमच्या एकवर!

सांजवेळ
ते कायमचे बदलले हो, मी ऐनवेळच्या बदलाबद्दल विचारतेय. पण लिहा, तुमची आईही धावली का?

अबोली
मी आईच्या बाजूने सांगते. लेक पुढे पळाली, दारातून हात देत होती आणि गाडी हलली. मी तिला "उतर" म्हणाले नाही, "जा" म्हणाले. तिचा सकाळी पेपर होता. तिचा डबा माझ्या हातातच राहिला.

सांजवेळ
अबोलीताई, मग तिने रात्री काय खाल्लं?