दिसणं-ऐकणं कमी असताना केलेला अभ्यास: तुमचे अनुभव

घाटपायथा
माळ्यावरची रद्दी काढताना बारावीची सराव प्रश्नपत्रिका सापडली, ए-थ्रीवर झेरॉक्स केलेली. मला समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. मोठ्या अक्षरांत पेपर मागितला तर कॉलेजनं मशीनवर १४१ टक्के करून दिला. १२चं अक्षर १७चं झालं, पण मूळचा फिकटपणाही वाढला. घातांक ३ की ८, कळेना. कागद बाकावर मावेना. डोळा कागदापासून चार बोटांवर, त्यामुळे ओळ संपेपर्यंत मी शेजारणीच्या बाकावर! सुपरवायझर दोनदा उठून आले. तुमचंही लिहा.

निवडुंग
शेजारणीला काही दिसलं का तुमच्या पेपरात? 😄

शाईची दौत
झेरॉक्स मागूच नये. मूळ फाइलमधून ए-फोरवरच २० पॉइंट ठळक छापून मागायचं, पानं वाढली तर वाढू देत. घातांक वेगळे मोठे करायला सांगा, ते आपोआप बारीकच राहतात. आणि आपला आकार आधी घरी ठरवा. एकच उतारा १६, १८, २०, २४मध्ये छापून प्रत्येक अर्धा तास वाचायचा. एक ओळ तर १६मध्येही वाचता येते हो, डोकं नंतर चढतं. जे पान जमलं तेच अर्जाला जोडायचं.

मीठभाकर
४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नसेल तर यातलं काहीच मिळत नाही. भाच्याला नाहीच म्हणाले.

शाईची दौत
अगदी तसं नाही. विकास कुमार प्रकरणात २०२१ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, लेखनिक फक्त ४० टक्केवाल्यांपुरता ठेवता येणार नाही. पण खिडकीवरच्या माणसाला ते पटवायचं कसं, ते मलाही जमलेलं नाही.

अर्धाकप
कुकर लावलाय, थोडक्यात. मला ऐकू कमी येतं. ऑनलाइन क्लासला कॅप्शन लावले तर 'साइन थीटा'चं 'साईं ने पीटा'. साधं बोलणं बरं उमटायचं, नेमके कामाचे शब्द गळायचे. मग सरांकडून आदल्या दिवशी धड्यातले दहा-बारा शब्द लिहून घ्यायला लागले, म्हणजे काय चुकलंय ते ओळखता यायचं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, हे मात्र दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागे.

मीठभाकर
साईं ने पीटा 😂😂 आमच्या सासऱ्यांचं कानाचं मशीन कुकरच्या शिट्टीला कुंई करतं, कुणाला उपाय माहितीय?

पायवाट
मी ऐकून अभ्यास केला, फोनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर. नोट्सची पीडीएफ उघडली की त्यातली बाई 'डॉलर, कंस, एम, स्लॅश' असं काहीतरी वाचायची. फोन बिघडला समजून दुकानात नेला! फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होती. आता एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करते. तिथे कचरा दिसला तर ऐकूही कचराच येणार. मग ताईकडून पुन्हा टाइप करून घ्यायचं.

घाटपायथा
मीठभाकर, कानातला साचा सैल झाला असेल, दाखवून घ्या. आणि पायवाट, भूगोलाच्या नकाशांचं काय करायचीस? मी सोडूनच द्यायचो.