रात्रपाळीच्या जागेसाठी अर्ज करण्याआधी तुम्ही काय काय तपासलंत?

आभाळ

नमस्कार. ओळखीच्या एका ताईंनी एक जागा कळवली आहे. ग्राहकसेवेचं काम, दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. अर्ज पाठवण्याआधीच ती जागा बाईमाणसाला कितपत सुरक्षित आहे, ते मला तपासायचं आहे. एकदा मुलाखती झाल्या, ऑफर हातात आली, की मन आपोआप होकाराकडे झुकतं, म्हणून आधीच.

माझा अनुभव आधी सांगते. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी विचारलं होतं, "रात्री कॅब असते ना?" "हो, असते," असं उत्तर आलं आणि तेवढ्यावर मी निश्चिंत झाले. कॅब खरंच होती. पण ती घरापर्यंत यायची नाही, हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापाशी सोडायची. तिथून आमची सोसायटी पंधरा मिनिटं चालत, आणि त्या रस्त्यावर पंपाजवळचे दोन दिवे सोडले तर पुढे सगळा अंधार. आठ महिने बाबा रोज रात्री एक वाजता त्या पंपावर येऊन उभे राहायचे. चूक माझ्या प्रश्नात होती, हे फार उशिरा कळलं.

तुम्ही रात्रीचा प्रवास, लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती आणि तिथल्या लोकांचं मत यांचा अंदाज कसा घेतलात? फसलेले अनुभवही लिहा.

रातराणी

मी सहा वर्षं रात्रपाळी केली, त्यातली तीन ट्रान्स्पोर्ट डेस्कवर. म्हणजे कोण कुठल्या गाडीतून जाणार, हे ठरवणारी मीच होते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

२००७ साली पुण्यात बीपीओतल्या एका मुलीचा कंपनीच्या कॅबच्या चालकाने साथीदारासोबत खून केला. रात्री मुलगी गाडीत चालकाबरोबर एकटी राहता कामा नये, हे त्या घटनेने सगळ्यांच्या मनावर कोरलं. पहिला पिकअप किंवा शेवटचा ड्रॉप मुलीचा असेल तर गाडीत गार्ड हवा, असा नियम बहुतेक ठिकाणी कागदावर सापडतो. प्रश्न असतो तो कागद मोडतो कधी, हा.

एका रात्रीचं सांगते. गाडीत तीन मुली आणि एक मुलगा. मुलाचं घर सगळ्यात लांब, म्हणून तो शेवटी उतरणार, म्हणून या गाडीला गार्ड दिलेला नाही. रूट संध्याकाळी पाचलाच तयार. आठ वाजता तो मुलगा ताप आला म्हणून घरी गेला. आता शेवटचा ड्रॉप मुलीचा झाला आणि दोन्ही गार्ड दुसऱ्या गाड्यांना लागलेले. गार्ड परत येईपर्यंत गाडी थांबवायची तर पाऊण तास. मी थांबवली. दमलेल्या तिघी माझ्यावर चिडल्या आणि सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी उशिराचा जाब विचारला. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारा मुलगा अशा वेळी गाडी तशीच सोडत असे, आणि त्याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून "गार्ड असतो का?" असं विचारू नकोस. "शेवटी उतरणारा पुरुष सहकारी आयत्या वेळी गेला तर तुम्ही काय करता?" असं विचार. ज्यांच्याकडे हे नीट चालतं ते लगेच सांगतात, कारण हे महिन्यातून चारदा तरी घडतं. ज्यांच्याकडे चालत नाही ते म्हणतात, "तसं कधी होत नाही."

दुसरी फट उशिरा लॉगआउटची. शेवटचा कॉल लांबला, कॅब निघून गेली, मग काय? बऱ्याच ठिकाणी सांगतात, अ‍ॅपवरून गाडी करा, बिल लावा. पैसे मिळतात, पण त्या गाडीत ना गार्ड, ना घरी पोचल्यावर डेस्कचा फोन.

जुना कारकून

मुलीच्या नोकरीच्या वेळी मी चौकशी केली होती. समितीवर फार विसंबू नका. एक तर ती दहापेक्षा जास्त महिला असतील तरच लागते. दुसरं म्हणजे ऑफिसच्या दाराबाहेर काही घडलं तर समितीचा संबंध संपतो, मग पोलीसच. मुलीला मी एवढंच सांगितलं, समितीची नावं भिंतीवर लावलेली आहेत का ते बघ. नसतील तर परत फीर.

पारिजात

काका, भिंतीचा सल्ला अगदी बरोबर आहे, समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं मालकाला बंधनकारकच आहे. बाकी दोन गोष्टी मात्र तशा नाहीत. मी दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहा कर्मचारी म्हटलंय, त्यात पुरुषही मोजतात. आठ पुरुष आणि दोन बायका असल्या तरी समिती हवी. आणि कंपनीने दिलेलं वाहन हे कामाच्या जागेतच धरतात, कॅबमध्ये झालेल्या त्रासाची तक्रार समितीकडे करता येते. पोलिसांचा मार्ग त्याशिवाय खुला असतोच. अ‍ॅपवरून स्वतः केलेल्या गाडीबाबत मात्र वाद घातला जातो, म्हणून रातराणी म्हणते ती दुसरी फट मलाही जास्त काळजीची वाटते.

आभाळ, त्या भिंतीवरच्या कागदाकडे नीट बघ. अध्यक्ष बाई असायला हवी, तीही वरच्या पदावरची. निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा हवा. नेमणूक जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, म्हणून तारीख वाच. एका ठिकाणी मी गेले तेव्हा कागदावरच्या अध्यक्षबाई नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. तिथे तक्रार आलीच असती तर ती घेणार कोण?

आत जायला मिळत नसेल तर कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन कर आणि "तक्रार समितीच्या अध्यक्षांशी बोलायचंय, कसं बोलता येईल?" एवढंच विचार. तुझ्या नोकरीबद्दल काही सांगायची गरज नाही. फोन फिरत राहिला, कुणालाच नाव माहीत नसलं, तर आतल्या मुलींनाही ते माहीत नाही असं समज.

आधीच्या तक्रारींचा तपशील मात्र कुणाला विचारू नकोस. तो गोपनीय ठेवायचा असतो, आणि तो तुला सहज सांगणारा माणूस उद्या तुझंही दुसऱ्याला सांगेल. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वर्षभरातल्या तक्रारींचा आकडा वार्षिक अहवालात असतो. हजारो माणसं आणि वर्षानुवर्षं शून्य, हे वाचून मला धीर येत नाही. चार तक्रारी आल्या आणि चारही निकाली निघाल्या, यानं येतो.

सायली ८

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथे चालेल का माहीत नाही. मी एका छोट्या दवाखान्यात रात्रपाळीला आहे. आम्ही सगळे मिळून सात जण. डॉक्टरांच्या नातेवाइकाने मला त्रास दिला त्याला चार महिने होत आले. समिती नाही. तीन महिन्यांत तक्रार करावी लागते असं वाचलं. म्हणजे आता काहीच होणार नाही ना?

पारिजात

सायली, इथे विचारलंस ते बरं केलंस. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात तिचा पत्ता मिळेल. तीन महिन्यांची मुदत खरी आहे. पण आधी येता का आलं नाही हे लेखी सांगितलंस तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत ती वाढवू शकते. वाढवतीलच असं मी म्हणणार नाही. पण दिवस घालवू नकोस. आज बसून तारखा, कोण हजर होतं, कुणाला सांगितलंस, सगळं लिहून काढ. मला व्यक्तिगत निरोप टाक, मसुदा बघून देते.

काठावरची

लोकांच्या मतांबद्दल लिहिते. मी नेटवरचे अभिप्राय वाचून एक नोकरी धरली होती. उत्तम वातावरण, मुलींसाठी सुरक्षित, असं वीसेक जणांनी लिहिलं होतं. तारखा नंतर पाहिल्या. त्यातले चौदा एकाच आठवड्यातले होते. एचआरने नव्या मुलांना लिहायला लावले होते, हे रुजू झाल्यावर कळलं.

पुढच्या वेळी मी त्या पाळीत काम करून वर्षभरात बाहेर पडलेल्या दोघी शोधल्या. "सुरक्षित आहे का?" असं विचारलंच नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं, "शेवटच्या महिन्यात तू घरी किती वाजता पोचायचीस?" एकीने सांगितलं, पाळी अकराला सुटायची, पण गाडी भरेपर्यंत पावणेबारा, घरी एक. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "टीम लीडर स्वतःच्या गाडीने सोडायचे कधी कधी, मी नाही म्हटलं की पुढच्या आठवड्याचं रोस्टर बिघडायचं." एवढं एक वाक्य मला पुरलं. मी अर्ज केला नाही.

शिफ्टवाली

तुम्हा सगळ्यांचं पटतंय, पण मुलाखतीत असे प्रश्न विचारून माझी एक जागा गेली. सगळं छान चाललं होतं, मी गार्डबद्दल विचारलं आणि समोरच्यांचा चेहराच बदलला. नंतर फोन आला नाही. घरात मी एकटी कमावती आहे. मला हे परवडलं नाही.

रातराणी

शिफ्टवाली, तुझी अडचण खरी आहे आणि माझ्याकडे तिच्यावर पक्का तोडगा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घरापर्यंत सोडण्यासह तिच्या संरक्षणाची सोय मालकाची असते. त्यामुळे "संमतीपत्रावर सही कधी घेता?" असं विचारता येतं. तो कागदपत्रांचा प्रश्न वाटतो, संशयाचा नाही. पण यानेही कुणी दुखावणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

काठावरची

दुखावले तर तेही उत्तरच आहे.

शिफ्टवाली

ज्याच्या हातात दुसरी जागा आहे त्याला.

आभाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. सायली, तू लिहीत राहा.

दोन दिवसांत जे केलं ते सांगते. फोन केला. ऑपरेटरला अध्यक्षांचं नाव माहीत नव्हतं, पण तिने एचआरला जोडून दिलं आणि तिथल्या बाईंनी दोन्ही नावं लगेच सांगितली, बाहेरच्या सदस्याचंही. नेमणूक गेल्या वर्षीची आहे.

काल रात्री भावाला घेऊन त्या ऑफिसच्या फाटकासमोर सव्वाअकरापासून साडेबारापर्यंत थांबले. अकरा गाड्या सुटल्या, पहिली अकरा पन्नासला. तीन गाड्यांत गार्ड चढताना दिसले. बाकीच्यांत शेवटी कोण उतरणार ते बाहेरून कळण्यासारखं नव्हतं. साडेबाराला दोघीजणी फाटकाशी मोबाइल बघत उभ्या होत्या. जाऊन विचारलं. कॉल लांबला, गाडी गेली, आता अ‍ॅपवरून मागवलीय. "आठवड्यातून एकदा तरी होतं," मोठी म्हणाली. त्यांची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

आज एचआरच्या त्याच बाईंना दोन ओळींचा मेल टाकलाय. पुरुष सहकारी आयत्या वेळी गेला तर काय, आणि कॉल लांबून गाडी गेली तर कंपनी स्वतःची गाडी देते का? "ट्रान्स्पोर्टला विचारून कळवते," असं उत्तर आलंय. गुरुवार संध्याकाळपर्यंत वाट बघते. जे येईल ते इथे लिहीन.