मदत हवी आहे: जीटीएक्स १६६० सुपरसाठी १४४०पी १८० हर्ट्झ घ्यावा की फोर-के ६० हर्ट्झ?

अक्षरजुळणी_सांगली

नमस्कार मंडळी. माझे सांगलीत डीटीपीचे छोटे काम आहे. दिवसभर पेजमेकर ७ आणि श्रीलिपी चालू असते, अधूनमधून फोटोशॉप उघडतो, आणि संध्याकाळी त्याच संगणकावर मुलगा गेम खेळतो. सध्याचा मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबीचे आहे आणि त्याच्या मागे एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट व एक डीव्हीआय अशी तीन तोंडे आहेत. एचडीएमआयची केबल टेबलाच्या पाठीमागून आधीच ओढलेली असल्यामुळे शक्यतो तीच वापरावी असा विचार आहे.

आता २७ इंची मॉनिटर घ्यायचा आहे. जवळपास एकाच किमतीत दोन पर्याय समोर आहेत. एक १४४०पी, १८० हर्ट्झचा, आणि दुसरा फोर-के, ६० हर्ट्झचा. दुकानदार म्हणतो की कार्ड जुने आहे, त्यावर फोर-के चालणारच नाही, १४४०पी मात्र बिनघोर घ्या. कार्डाच्या माहितीपानावर तर कमाल रिझोल्यूशन ७६८०×४३२० असे छापलेले आहे. दोघांतले खरे कोणाचे मानावे?

कट्ट्यावरचा_गेमर

दुकानदार बरोबर सांगतो आहे. १६६० सुपरवर फोर-केचा विचारही करू नका, चांगले गेम तिशी-चाळिशीत रखडतील. सरळ १४४०पी १८० हर्ट्झ घ्या आणि आहे तीच एचडीएमआय केबल जोडा. केबल ही केबल असते, सिग्नल डिजिटल आहे, एक तर येतो किंवा येत नाही.

तारमास्तर

अक्षरजुळणी, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत आणि दुकानदार व माहितीपान यांनी त्यांतला एकेकच उचलला आहे. कार्डाला तेवढे चित्र त्या वेगाने मॉनिटरपर्यंत पाठवता येते का, हा पहिला प्रश्न. गेममध्ये तेवढे चित्र त्या वेगाने तयार करता येते का, हा दुसरा. पेजमेकरपुरता फक्त पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण स्थिर पान दाखवायला कार्डाला फारसे कष्ट पडत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब कागदावर करता येतो. रुंदीतले ठिपके गुणिले उंचीतले ठिपके, गुणिले रिफ्रेश रेट, गुणिले २४, कारण नेहमीच्या रंगांत प्रत्येक ठिपक्यासाठी २४ बिट लागतात. फोर-के ६० हर्ट्झसाठी ३८४० × २१६० × ६० × २४ केले की सेकंदाला सुमारे ११.९ गिगाबिट येतात. चित्राच्या कडेला सिग्नलमध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते ती प्रचलित पद्धतीने धरली की आकडा १४.३ च्या आसपास जातो. तुमच्या कार्डाचे एचडीएमआय २.० जातीचे आहे. त्यावर १८ गिगाबिट असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष चित्रासाठी १४.४ च उरतात. म्हणजे दुकानदार ज्याला ‘चालणारच नाही’ म्हणतो, ते फोर-के ६० तुमच्या त्याच तोंडातून जेमतेम पण पूर्ण रंगांसह जाते.

आता दुसरा पर्याय पाहा. २५६० × १४४० × १८० × २४ म्हणजे सुमारे १५.९ गिगाबिट, आणि हे मोकळी जागा धरायच्या आधीच. १४.४ च्या वाटेतून ते जाणे शक्य नाही. त्या वाटेने १४४०पी १४४ हर्ट्झपर्यंत मिळते, कारण तिथे मोकळी जागा काटकसरीने धरल्यास हिशेब १४.१ च्या जवळ बसतो. बऱ्याच मॉनिटरांच्या माहितीत बारीक अक्षरांत हेच लिहिलेले असते: एचडीएमआयवर १४४, डिस्प्लेपोर्टवर १८०. तुमच्या कार्डाच्या डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चित्रासाठी जवळपास २६ गिगाबिट मिळतात, त्यामुळे तिथे १८० ला काहीच अडचण नाही. तेव्हा ‘बिनघोर घ्या’ म्हटलेला पर्यायच तुमच्या ओढलेल्या केबलवर अपुरा पडणार आहे.

माहितीपानावरचा ७६८० हा आकडा चित्र पाठवण्याची वरची मर्यादा सांगतो. तो कोणत्या तोंडातून, किती हर्ट्झला आणि गेममध्ये काय, हे तो सांगत नाही.

दीपाली_पुणे

माझेही असेच झाले आहे म्हणून इथेच विचारते. मी लॅपटॉपला फोर-के मॉनिटर एचडीएमआयने जोडला आहे, पण सेटिंगमध्ये फक्त ३० हर्ट्झ दिसते आणि माऊस ओढल्यासारखा मागे राहतो. माझे ग्राफिक्स कार्ड बदलावे लागेल का?

तारमास्तर

दीपालीताई, लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बहुधा बदलता येत नाही आणि इथे दोष बहुधा त्याचा नाहीही. ३० हर्ट्झवर येऊन थांबणे हे जुन्या एचडीएमआय १.४ चे लक्षण आहे, आणि अनेक लॅपटॉपांत ते तोंड वेगळ्या ग्राफिक्स चिपला न जोडता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेले असते. तुमच्या टाईप-सी तोंडातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल निघत असेल तर टाईप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने ६० मिळू शकतील. मात्र सगळ्याच टाईप-सी तोंडांतून तो निघत नाही. लॅपटॉपचे नेमके मॉडेल लिहून वेगळा धागा काढलात तर तिथे पाहतो.

कट्ट्यावरचा_गेमर

हिशेब मान्य, पण मी स्वतः एचडीएमआय २.० वर १४४०पी १६५ चालवतो आहे. विंडोजमध्ये १६५ स्पष्ट दिसते.

तारमास्तर

दिसत असेल, त्याबद्दल वाद नाही. १६५ चा नुसता चित्राचा आकडाच १४.६ होतो, त्यामुळे पूर्ण रंगांत ते एचडीएमआय २.० मधून जाणार नाही. एक तर तुमचे कार्ड आणि मॉनिटर दोन्हीकडे एचडीएमआय २.१ आहे, नाही तर रंगांची माहिती कमी करून पाठवली जाते आहे, किंवा गेम १०८०पीत चालू आहे. विंडोजच्या `Advanced display` पानावर `Desktop mode` आणि `Active signal mode` असे दोन आकडे असतात. पहिला तुम्ही मागितलेला आणि दुसरा प्रत्यक्ष गेलेला. शिवाय मॉनिटरच्या बटणांनी उघडणाऱ्या त्याच्या स्वतःच्या माहितीपानावर काय लिहिले आहे तेही पाहा. रंग कापले जात असतील तर पांढऱ्यावरच्या लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. गेममध्ये ते लक्षातही येत नाही, पण अक्षरजुळणी यांना दिवसभर अक्षरेच पाहायची आहेत.

अक्षरजुळणी_सांगली

तारमास्तर, फार उलगडून सांगितलेत. पाठवण्याचा प्रश्न समजला. पण मुलाच्या गेमचे काय, हे मॉनिटर घेण्याआधी कसे कळावे? तो प्रामुख्याने व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो.

तारमास्तर

त्याची चाचणी आत्ताच्या मॉनिटरवर करता येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Manage 3D settings` खाली `DSR - Factors` असा पर्याय आहे. त्यात `1.78x` आणि `4.00x` या दोन्हींवर खूण करा. त्यानंतर गेमच्या रिझोल्यूशनच्या यादीत २५६०×१४४० आणि ३८४०×२१६० दिसू लागतील. कार्ड तेवढे मोठे चित्र खरोखर तयार करते आणि दाखवण्यापुरते लहान करते, त्यामुळे फ्रेमचा आकडा नव्या मॉनिटरवर मिळेल त्याच्या अगदी जवळ असतो.

अक्षरजुळणी_सांगली

केले. दोन्ही गेम, दोन्ही रिझोल्यूशन, सगळीकडे बरोबर ६० फ्रेम येतात, फक्त जीटीए फोर-केला खाली घसरते. म्हणजे कार्ड ६० च्या वर जातच नाही, मग १८० हर्ट्झ कशाला, असे मुलाची आईही विचारते आहे.

तारमास्तर

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण सगळीकडे नेमके ६० येणे हे कार्डाचे उत्तर नसून व्ही-सिंकचे आहे. तुमचा मॉनिटर ६० चा असल्यामुळे गेम तिथे बांधून ठेवला जातो. गेममध्ये आणि कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक बंद करा, गेमच्या आत फ्रेमवर मर्यादा घातलेली असेल तर तीही काढा, आणि पुन्हा मोजा. चित्र मध्येच चिरल्यासारखे दिसेल, चाचणीपुरते त्याकडे दुर्लक्ष करा.

अक्षरजुळणी_सांगली

आता आकडे वेगळे आले. व्हॅलोरंट १४४०पीला दीडशे ते दोनशेच्या मध्ये राहते. जीटीए ५ मध्यम-उंच सेटिंगवर १४४०पीला सत्तरच्या आसपास आणि फोर-केला पस्तीस ते चाळीस.

तारमास्तर

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. व्हॅलोरंटमध्ये १८० हर्ट्झचा उपयोग होईल. जीटीएमध्ये १८० कधीच भरणार नाहीत, पण मॉनिटरने आपला वेग फ्रेमनुसार बदलण्याची सोय जी-सिंक कंपॅटिबल म्हणून चालत असेल तर सत्तर फ्रेमही गुळगुळीत वाटतात. तुमच्या कार्डावर ही सोय डिस्प्लेपोर्टवरूनच घ्यावी, एचडीएमआयवर तिची खात्री नाही. डिस्प्लेपोर्ट केबल दोन मीटरच्या आतली आणि प्रमाणित घ्या. लांब, स्वस्त केबलवर पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. एचडीएमआयची केबल वाचवण्यासाठी जोडतुकडा मात्र घेऊ नका. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारे स्वस्त तुकडे वेग आणखी खाली आणतात.

चौकट_मजकूर

मी इचलकरंजीत हेच काम करतो, म्हणून गेम सोडून बोलतो. २७ इंचांवर फोर-केची अक्षरे छापील पानासारखी रेखीव दिसतात, जोडाक्षरांतला अर्धा र आणि रफार वाचायला त्रास होत नाही. १४४०पीवर ती मजा नाही. साहेबांचे पोट डीटीपीवर चालते, मुलाच्या गेमवर नाही. मी असतो तर फोर-के घेतला असता.

तारमास्तर

तुमचे म्हणणे फोटोशॉप किंवा इनडिझाइनसाठी पूर्ण पटते. पेजमेकर ७ ची अडचण वेगळी आहे. २७ इंची फोर-केवर विंडोज साधारण दीडपट मोठे करून वापरावे लागते, आणि पेजमेकरला हे मोठे करणे माहीतच नाही. त्यामुळे विंडोज त्याची खिडकी फोटोसारखी ताणते आणि अक्षरे उलट धुरकट होतात. प्रोग्रामच्या `Compatibility` टॅबमध्ये ताणणे बंद करता येते, मग अक्षरे रेखीव होतात पण मेनू आणि टूलबॉक्स मुंगीएवढे उरतात. १४४०पीवर मोठे न करताही काम भागते.

चौकट_मजकूर

मी ताणणे बंदच ठेवले आहे. मेनू लहान दिसतो हे खरे, पण शॉर्टकट हाताखाली असल्यावर मेनूकडे बघतो कोण? सवयीचा भाग आहे.

अक्षरजुळणी_सांगली

माझी पन्नाशी उलटली आहे आणि चष्म्याचा नंबर वाढतो आहे, त्यामुळे मुंगीएवढा मेनू मला झेपणार नाही. १४४०पी १८० हर्ट्झकडे कल झाला आहे. दुकानात डिस्प्लेपोर्टवर जोडून दाखवा असे सांगणार आहे. तिथे नेमके काय तपासू?

तारमास्तर

जोडल्यावर विंडोज पुष्कळदा ६० हर्ट्झच धरून बसते, म्हणून `Advanced display` मध्ये जाऊन १८० हाताने निवडा आणि मॉनिटरच्या माहितीपानावर तोच आकडा येतो का ते पाहा. यादीत १८० दिसलेच नाहीत तर मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ किंवा १.२ वर ठेवलेली आहे का ते बघा, काही मॉनिटर तसेच येतात. दुकानात त्यांचा संगणक असेल, तुमचे कार्ड नसेल. त्यामुळे घरी जोडून १८० मिळाले नाहीत तर परत घेणार का, हे पावतीवर लिहून घ्या.

अक्षरजुळणी_सांगली

घेतो लिहून. जुना २४ इंची मॉनिटर डीव्हीआयवर शेजारी ठेवून त्यावर श्रीलिपीचा कळफलक-तक्ता उघडा ठेवायचा आहे. एक १८० वर आणि एक ६० वर असे दोन्ही एकाच कार्डावर सुखाने चालतील का?

कट्ट्यावरचा_गेमर

चालतील. माझ्याकडे चालतात.

तारमास्तर

पाठवण्याच्या दृष्टीने अडचण नाही, दोन्ही तोंडे वेगळी आहेत. मात्र वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर लावले की काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने धावत राहते आणि पंखा थांबत नाही. तुमच्या कार्डावर होईल की नाही हे जोडल्यावरच कळेल. झालेच तर नवा मॉनिटर दिवसा १२० वर ठेवून पाहा आणि इथे कळवा.