मदत हवी आहे: एप्रिलमध्ये मैदानावर दिवसभराचा मेळावा, साडेतीनशे माणसं. पाणी, चहा, थंड किती सांगायचं?

बार्शीकर

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी बार्शीत शाळेच्या मैदानावर घेतोय. सकाळी ८ ते संध्याकाळी ५. मांडव आहे, पण बाजू उघड्या. नावं साडेतीनशेच्या आसपास आली आहेत. त्यात साठेक लहान मुलं आणि आमचे निवृत्त शिक्षक, म्हणजे सत्तरीच्या पुढचे बरेच. जेवण आचाऱ्याला दिलंय, पण पाणी, चहा आणि थंड आमच्याकडे.

समितीत रोज वेगळा आकडा निघतो. एक जण म्हणतो माणशी दोन बाटल्या पुरे, दुसरा म्हणतो पाच घ्या. आमच्याकडे त्या सुमाराला पारा चाळिशीच्या वर असतो. पाणी कमी पडलं तर रविवारी दुपारी ऐनवेळी कोण आणून देणार? आणि भरमसाट आणून अर्ध्या बाटल्या मैदानात पडलेल्याही बघवत नाहीत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी हिशेब कसा धरायचा ते सांगा.

नंदू_पिंपरी

सोपं आहे. अर्ध्या लिटरच्या बाटल्या, माणशी तीन. ३५० गुणिले ३ म्हणजे १०५०. एका बॉक्सात २४ येतात, म्हणजे ४४ बॉक्स. सीलबंद पाणी, कुणाचं पोट बिघडायची भीती नाही, ग्लास नकोत, वाढायला माणसं नकोत. आमच्या कंपनीच्या कार्यक्रमांत असंच करतो.

मांडववाले_दादा

नंदूभाऊ, सीलबंद पाण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बाटली मोजली की पाणी मोजलं, असं होत नाही. आमचा धंदाच मंडप-केटरिंगचा. मैदानावर माणूस बाटली उघडतो, चार घोट घेतो, खुर्चीखाली ठेवतो आणि मित्र दिसला की उठून जातो. परत आल्यावर तिथे तीन सारख्या बाटल्या दिसतात. आपली कुठली ते कळत नाही, मग तो नवीन घेतो. तुमच्या १०५० बाटल्या दुपारी दोनलाच संपतील आणि मैदानात निम्म्या भरलेल्या पडलेल्या असतील. एसी हॉलमध्ये माणूस एका जागी बसतो, तिथे तुमचा हिशेब चालतो.

बार्शीकर, तुम्ही डोकी मोजू नका. किती माणसं किती तास थांबणार ते मोजा. सावलीत बसलेल्या माणसाला एप्रिलमध्ये तासाला पाव लिटर धरायचं, जेवणातलं पिण्याचं पाणी त्यातच. आता तुमचा दिवस बघा. ८ ते १० फार तर २०० माणसं असतील, म्हणजे ४०० तास. १० ते २ पूर्ण ३५०, म्हणजे १४०० तास. जेवण झालं की लांबचे निघतात, २ ते ५ साधारण २२० उरतील, म्हणजे ६६० तास. एकूण २४६० तास, गुणिले पाव लिटर, म्हणजे ६१५ लिटर. २० लिटरचे ३१ जार. वर तीन जादा धरा, ३४ झाले. आचाऱ्याचं स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी यात अजिबात नाही. त्याला टँकर किंवा शाळेचा हौद वेगळा दाखवा. ते आधी बोलला नाहीत तर त्याची पोरं पिण्याचेच जार उचलून नेतात.

बार्शीकर

दादा, हा हिशेब पटला. म्हणजे बाटल्या घ्यायच्याच नाहीत का?

मांडववाले_दादा

घ्या, पण नेमक्या जागी. व्यासपीठ, वयस्कर शिक्षकांच्या रांगा आणि परतीच्या गाडीत बसणारे. त्यासाठी अर्ध्या लिटरचे सहा-सात बॉक्स पुष्कळ झाले. शिक्षकांच्या बाटलीवर मार्करने नाव लिहून द्या, ती बाटली ते शेवटपर्यंत सांभाळतात.

आणि लिटरपेक्षा मोठा प्रश्न नळाचा आहे. माणूस आला, ग्लास भरला, बाजूला झाला, याला दहा सेकंद लागतात. म्हणजे एका नळावर मिनिटाला सहा माणसं. भाषण संपलं की दोनशे जण एकदम उठतात. चार नळ असतील तर आठ मिनिटांत सगळ्यांना पाणी मिळतं. एकच नळ असेल तर अर्ध्या तासाहून जास्त, आणि लोक रांग बघून तसेच परत जातात. मग जार भरलेले असूनही ‘पाणीच नव्हतं’ असं ऐकावं लागतं. तीन ठिकाणी दोन-दोन जार उघडे ठेवा. दुपारी ऊन कुठे सरकतं ते आदल्या दिवशी तीन वाजता मैदानावर उभं राहून बघा, नाहीतर सकाळी सावलीत ठेवलेला जार दुपारी तापतो. खाली विटा किंवा पाट घाला आणि नळाखाली बादली ठेवा, म्हणजे चिखल होत नाही.

सुलभा_लातूर

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मैदानावरच्या कार्यक्रमात बायका पाणी पीतच नाहीत, कारण स्वच्छतागृह लांब असतं किंवा आत पाय ठेवण्यासारखं नसतं. सकाळी घरून निघताना चहासुद्धा टाळतात. मग दुपारी डोकं दुखतं, कुणाला भोवळ येते आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. तुम्ही ३४ जार आणा नाहीतर ५०, शाळेची स्वच्छतागृहं उघडी, नळाला पाणी, दाराला कडी आणि एक बाई दिवसभर तिथे स्वच्छतेला, एवढं नसेल तर ते पाणी जारातच राहील. वयस्कर सरांचंही तेच, तेही संकोचाने पाणी टाळतात.

बार्शीकर

सुलभाताई, हे खरंच आमच्या यादीत नव्हतं. उद्याच शाळेच्या शिपाईमामांशी बोलतो.

क्रिकेटवेडा

आमच्या गावात मे महिन्यात टेनिस बॉल स्पर्धा आहे. खेळाडूंना थंडगार बाटल्या द्याव्यात की साध्या? पाव लिटरचा हिशेब चालेल का?

मांडववाले_दादा

नाही चालणार. तो बसलेल्या माणसाचा हिशेब आहे. उन्हात पळणाऱ्याला तासाला अर्धा लिटर ते लिटर लागू शकतं आणि घामातून मीठही जातं, त्यामुळे नुसत्या पाण्यावर ठेवू नका. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस ठेवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे बार्शीकरांचं राहून जाईल.

अन्नपूर्णा_कोथरूड

चहाचं मी सांगते. मोठ्या कार्यक्रमांचा चहा आमच्या महिला मंडळाकडे असतो. उन्हाळ्यात चहा कोण पितं असं वाटतं, पण मेळाव्यात तो तहानेसाठी नसतोच, गप्पांसाठी असतो. आल्या आल्या प्रत्येक जण घेतो, म्हणजे २००. अकराच्या सुमाराला उकाडा असतो, तेव्हा दहांतले सात घेतील, म्हणजे २४५. चार वाजता उरलेले २२० आणि दुसरा कप मागणारे धरून २५०. एकूण ७०० कप.

हल्लीच्या छोट्या कागदी कपात ७० मिली चहा बसतो. शंभर कपांना साडेचार लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, २०० ग्रॅम चहा पावडर आणि ८०० ते ९०० ग्रॅम साखर. आठ लिटरचा उकळून सात होतो. तुमच्या ७०० कपांना साधारण ३२ लिटर दूध, १४०० ग्रॅम पावडर आणि सहा किलो साखर. दूध एकदम उतरवून घेऊ नका. सकाळी निम्मं आणि दुपारी दोनला निम्मं, डेअरीवाल्याला तसं आधीच सांगा. एप्रिलच्या दुपारी सकाळचं कच्चं दूध उकळायला ठेवलं की फाटतं. आलं दुधात आधी घालू नका, त्यानेही दूध फाटू शकतं. पाण्यात आलं, साखर, पावडर उकळू द्या, मग गरम दूध ओता.

चहा एकदम सगळा करून थर्मासात भरूनही ठेवू नका. तासाभराने तो कडवट लागतो आणि वर साय धरते. शंभर-शंभर कपांचे घाणे काढा. बिनसाखरेचा वेगळा थर्मास हवाच, तुमच्याकडे शिक्षक जास्त म्हणून पाचातला एक कप तसा धरा, आणि थर्मासवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. लिहिलं नाही तर गोड पिणारे तो संपवतात आणि मधुमेही उपाशी.

बार्शीकर

वा, हे थेट छापून आचाऱ्याच्या हातात द्यावं असं आहे. कप प्लास्टिकचे चालतील का? एक दुकानदार स्वस्तात देतोय.

अन्नपूर्णा_कोथरूड

नको. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या कप-ग्लासांवर देशभर बंदी आहे, जुना माल खपवत असेल. कागदीच घ्या, आणि पाण्याच्या ग्लासांसाठी स्टीलचे भाड्याने मिळाले तर उत्तम. धुणारी दोन माणसं लागतील तेवढंच.

नंदू_पिंपरी

बरं, बाटल्यांचं मान्य. पण थंडाचं काय? मुलं तर तेच मागणार. आणि जार उघडा ठेवलाय, कुणी काय पाणी भरलंय कसं कळणार?

मांडववाले_दादा

दुसरा प्रश्न रास्त आहे. उलटा ठेवायचा पारदर्शक जार घेतलात तर त्यावर सील, आयएस १४५४३ हा पॅकबंद पाण्याच्या मानकाचा क्रमांक आणि भरल्याची तारीख बघता येते. थंड पाण्याचा जाड झाकणाचा जार मिळतो त्याला सील नसतं, तो पुरवठादाराच्या भरवशावर. मी वयस्कर आणि मुलांच्या ठिकाणी सीलबंदच ठेवतो.

थंड तीन वाजता एकदाच द्या. २२० जण आणि थोडी मुलं दुसऱ्यांदा, म्हणजे २५० ग्लास. सव्वादोन लिटरच्या बाटलीत १८० मिलीचे बारा ग्लास होतात, म्हणून २१ बाटल्या. उघडलेली बाटली उन्हात लगेच मरते, तेव्हा पाच-पाचच उघडा. पाण्यातून हे वजा करू नका, थंड पिऊन तहान पुन्हा लागतेच. बर्फ कागदावर किलोला चार लिटर गार करतो, उघड्या टबात दोनच धरा. म्हणजे २५ किलो. बाटल्या नुसत्या बर्फावर रचू नका, टबात पाणी ओतून त्यात बुडवा, पाऊण तासात गार होतात. निळसर रंगाचा बर्फ फक्त बाहेरून गार करायला, ग्लासात तो पडता कामा नये.

सुलभा_लातूर

थंडाऐवजी कोकम सरबत का नको? लिटरभर सिरपात पाच लिटर पाणी. दीडशे मिलीचे २५० ग्लास म्हणजे साडेसहा लिटर सिरप. पाण्याचे दोन जार मात्र वाढवा, आणि त्यात बर्फ घालायचा तर खाण्याचाच आणा.

नंदू_पिंपरी

मुलं कोकम पिणार नाहीत, सांगून ठेवतो.

अन्नपूर्णा_कोथरूड

आमच्याकडे पितात. फार आंबट केलं नाही तर.

बार्शीकर

यावर समितीत भांडण होणार हे दिसतंय! पाणी ३४ जार, बाटल्यांचे सात बॉक्स, चहा ७०० कप हे आज नक्की करतो. पुरवठादाराशी बोललो, सील न तोडलेले जार आणि बॉक्स परत घ्यायला तयार आहे, पण रविवारी संध्याकाळी गाडी पाठवणार नाही म्हणतो. बार्शीच्या आसपासचं कुणी आहे का, ज्यांच्या ओळखीत रविवारी माल उचलणारा पुरवठादार असेल? असल्यास निरोप पाठवा.