अनुभव धागा: रात्री मुंबई विमानतळावर उतरून गावाकडे कसं जाता?

काल शेजारी विचारत होत्या, मुलगा दुबईहून पाऊण वाजता टी-२ ला उतरतोय, चिपळूणला कसा येईल? जुन्या रात्रपाळ्या आठवल्या. लोकल साधारण एक ते सव्वाचार बंद, मेट्रो त्याच्या बऱ्याच आधी. लिहा आपापलं.

दाभोळकर: पाऊण ही विमान टेकण्याची वेळ. इमिग्रेशन, पट्ट्यावरच्या बॅगा, कस्टम धरून बाहेर पडायला दोन वाजतात. पण लगेच पडायचंच नाही. दाराबाहेर गेलात की परत आत घेत नाहीत. बॅगा घेऊन आतच खुर्ची धरायची. जनशताब्दी ठाण्याला पावणेसहाच्या सुमारास येते, चिपळूणला थांबते. चारला टॅक्सी केली की रस्ता मोकळा, पाऊण तासात ठाणे. पूर्वेला कोपरीकडून उतरा, हायवेवरून तेच जवळ. तिकीट मात्र आधी काढलेलं हवं.

मालवणी_मेवा: पाचनंतर निघा ना, रात्रीचं पंचवीस टक्के जादा भाडं वाचेल.

दाभोळकर: बरोबर, काळ्यापिवळ्याला मीटरवर रात्री बारा ते पाच सव्वापट. पण पाचला निघून गाडी सुटली तर वाचवलेले पैसे कोणाला दाखवणार? ॲपच्या गाडीला तर तो नियम नाहीच, मागणीप्रमाणे दर चढतो.

सुमनताई_गुहागर: प्रीपेडची पावती उतरेपर्यंत ड्रायव्हरला देऊ नये. ती दिली की त्याचे पैसे नक्की, मग "इथेच उतरा" सुरू. आणि ठाणे-वाशीच्या नाक्यावर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, तरी मागतात हो! अटल सेतूचा मात्र द्यावा लागतो. कुकर लावलाय, येते.

पनवेलचा_पाहुणा: रिक्षा करून थेट दादरला जा की, स्वस्तात.

दाभोळकर: रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात जात नाही भाऊ. ठाण्याचं म्हणत असाल तर रिक्षावाला तयार झाला तरी मोठ्या बॅगा दोनच बसतील.

रत्नांग्रीचो: बेस्टची बस असते ना रात्रभर?

मालवणी_मेवा: विमानतळाच्या बेस्ट आहेत, पण चलो ॲपवर बस हलताना दिसली तरच भरवसा ठेवा.

अलिबागवाली: मला उलवेहून जायचंय, तिथे टॅक्सी मिळते का रात्री?

सुमनताई_गुहागर: अगं ते नवी मुंबई विमानतळ. तिकिटावर NMI की BOM ते बघ आधी, नाहीतर घरचे एकीकडे आणि तू दुसरीकडे. NMI असेल तर पनवेल जवळ, ठाण्याला कशाला जाशील!

रत्नांग्रीचो: खाजगी बसचं काय मग?

दाभोळकर: त्या बहुतेक संध्याकाळीच बोरिवलीहून सुटतात. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. पनवेलला एसटी मिळेल का, ते डेपोत विचारूनच ठरवा.

मालवणी_मेवा: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, हेही बघा. बाकी ताई, कुकरात काय आहे?